वंशावळ वाक्यांतून तक्त्यात: वाचकांचे प्रश्न

आजोबांच्या वहीत दोन पानं वंशावळ आहे, पण सगळी गोष्टीसारखी लिहिलेली. तक्ता करायला बसलं की पहिल्याच ओळीत अडकते. सुरुवात कुठून करू?

पहिल्या वाचनात नाती भरूच नका. पेन्सिल घेऊन फक्त माणसं मोजा. प्रत्येक नव्या माणसाला एक क्रमांक द्या. एक ओळ म्हणजे एक माणूस, मग त्याच्याबद्दल वहीत पाच वाक्यं असोत की अर्धं. दुसऱ्या वाचनात आई-वडील भरा, तिसऱ्यात जोडीदार आणि जन्मवर्ष.

सर्वांच्या ओळखीचं पेशव्यांचं घराणं घेऊन करून पाहू. समजा, वहीत असं आहे: “बाळाजी विश्वनाथांना राधाबाईंपासून बाजीराव आणि चिमाजीअप्पा हे मुलगे झाले. बाजीरावांचा जन्म १७०० चा. त्यांना काशीबाईंपासून नानासाहेब (१७२०) आणि रघुनाथराव (१७३४), तर मस्तानीपासून समशेरबहाद्दर (१७३४) हे मुलगे.”

| क्र. | व्यक्ती | वडील | आई | जोडीदार | जन्मवर्ष |
|---|---|---|---|---|---|
| १ | बाळाजी विश्वनाथ | | | | |
| २ | राधाबाई | | | १ | |
| ३ | बाजीराव (पहिले) | १ | २ | | १७०० |
| ४ | चिमाजीअप्पा | १ | २ | | |
| ५ | काशीबाई | | | ३ | |
| ६ | मस्तानी | | | ३ | |
| ७ | नानासाहेब | ३ | ५ | | १७२० |
| ८ | रघुनाथराव | ३ | ५ | | १७३४ |
| ९ | समशेरबहाद्दर | ३ | ६ | | १७३४ |

पालकांच्या रकान्यात नाव नाही, क्रमांक आहे. आई आणि वडील वेगळ्या रकान्यांत आहेत. पालक एकाच रकान्यात कोंबले असते, तर समशेरबहाद्दर कोणाचे हे तक्ता बघून सांगता आलं नसतं. जोडीदार मी फक्त पत्नीच्या ओळीत लिहिला. बाजीरावांच्या ओळीत लिहायचा म्हटला, तर एका चौकटीत दोन क्रमांक येतात, आणि एका चौकटीत एकच गोष्ट हा नियम मोडला की पुढचं सगळं बिघडतं. घराण्यात एखादीचा पुनर्विवाह असेल, तर मात्र लग्नांचा तक्ता वेगळाच करा.

चिमाजीअप्पांचं जन्मवर्ष कोरं का? वहीत ते दिलेलं नाही म्हणून. वहीबाहेरची माहिती भरायला हरकत नाही, पण शेजारी “कुठून” असा एक रकाना ठेवा.

“त्यांना तीन मुलगे” अशी वाक्यं खूप आहेत. ‘त्यांना’ म्हणजे कोणाला, हे ठरवायचं कसं?

आपल्या वंशावळीतला सगळ्यात फसवा शब्द हाच. आदरार्थी बहुवचनामुळे ‘त्यांना’ हा शब्द एकालाही लागतो, दोघांनाही लागतो. “बाळाजींचे मुलगे बाजीराव आणि चिमाजीअप्पा. त्यांचे चिरंजीव सदाशिवराव” असं वाक्य आलं, तर व्याकरणाने सदाशिवराव तिघांपैकी कोणाचेही ठरतील. प्रत्यक्षात ते चिमाजीअप्पांचे. माझ्या आजोळच्या वंशावळीत मी असाच एक मुलगा त्याच्या काकांच्या नावावर लावला होता. पुढच्या दोन पिढ्या चुलत घरात गेल्या आणि चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही.

अशा वेळी मुलाचं पूर्ण नाव शोधा. जुन्या कागदात नावामागे वडिलांचं नाव असतंच. बाजीराव बल्लाळ म्हणजे पहिले, कारण बल्लाळ म्हणजेच बाळाजी. बाजीराव रघुनाथ म्हणजे दुसरे. माधवराव बल्लाळ हे नानासाहेबांचे, कारण नानासाहेबांचं मूळ नाव बाळाजी, आणि माधवराव नारायण म्हणजे सवाई माधवराव. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या चालीमुळे तीच तीच नावं येतात. ती वेगळी ओळखायचा मार्गही त्या नावातच असतो. पूर्ण नाव मिळालंच नाही, तर पालकाची चौकट कोरी ठेवा आणि ते वाक्य जसंच्या तसं शेऱ्यात उतरवा.

चुलतभाऊ, नातू, जाऊ, साडू यांना रकानाच नाही. ही माहिती टाकून द्यायची?

टाकायची नाही, उकलायची. ‘चुलतभाऊ’ म्हणजे दोघांचे वडील भाऊ. आजोबांचं नाव माहीत नसलं तरी त्यांच्यासाठी “नाव अज्ञात” अशी ओळ करून क्रमांक द्या आणि दोन्ही वडिलांना तो लावा. मावसभाऊ असतील तर अशीच ओळ आईकडून वर जाईल. जावा म्हणजे दोन भावांच्या बायका, साडू म्हणजे दोन बहिणींचे नवरे. आपली भाषा इथे फार मदत करते. ‘नातू’ मात्र फसवतो. मुलाचा की मुलीचा, हे त्यातून कळत नाही. तिथे घरात विचारावंच लागतं.

लग्नात बदललेलं नाव हाही याच जातीचा घोळ. माहेरची गोदावरी आणि सासरची लक्ष्मी या दोन ओळी होऊन बसतात. नाव बदललं तरी क्रमांक एकच, माहेरचं नाव शेऱ्यात.

जन्मवर्ष कुठे शकात आहे, कुठे नुसतं “अठ्ठाविसाव्या वर्षी गेले” असं आहे. वर्ष काढू कसं?

शकात गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. शिवाजी महाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. फाल्गुन पाडव्याच्या आधीचा, म्हणून ७९ मिळवून १६३०. सवयीने ७८ मिळवले तर १६२९ येऊन चुकतं. महिना दिलेलाच नसेल, तर दोन्ही वर्षं शेऱ्यात लिहा.

वयाचं सूत्र वेगळं. ‘अठ्ठावीसावं वर्ष’ म्हणजे चालू वर्ष, पूर्ण झालेली सत्तावीस. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये गेले ते अठ्ठाविसाव्या वर्षी. १७७२ मधून २८ वजा केले तर १७४४ येतं, २७ केले तर १७४५, आणि हेच बरोबर आहे. मृत्यू त्या वर्षीच्या वाढदिवसाआधी झाला असेल, तर आणखी एक वर्ष मागे जावं लागतं. म्हणून असं काढलेलं वर्ष “अंदाजे” म्हणूनच नोंदवा.

एकशे दहा ओळी झाल्या. चूक आहे का, हे कसं कळेल?

मुलाच्या जन्माच्या वेळी वडिलांचं वय काढून पाहा. तक्ता एक्सेलसारख्या शीटमध्ये असेल आणि रकाने वरच्याच क्रमाने A ते F असतील, तर G2 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=IF(C2="","",F2-VLOOKUP(C2,A:F,6,FALSE))
```

नानासाहेबांच्या ओळीत २० यायला हवं. #N/A आलं, तर तो क्रमांक तक्त्यात नाहीच. १७०० सारखा मोठा आकडा आला, तर वडिलांचं वर्ष कोरं आहे. उणे मोठा आकडा आला, तर मुलाचं. १२ किंवा ८५ असं काही आलं, तर बहुधा एकाच नावाच्या दोघांची अदलाबदल झाली आहे. क्रमांक आणि वर्षं शीटमध्ये मात्र इंग्रजी अंकांत टाइप करा. देवनागरी अंक मजकूर धरले गेले तर वजाबाकी होत नाही.

पण विचित्र दिसणारं सगळंच चुकीचं नसतं. समशेरबहाद्दर आणि रघुनाथराव एकाच साली जन्मले, कारण आया वेगळ्या. भावंडांमधलं अंतर म्हणूनच नेहमी आईवरून तपासा. सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा आणि वडील नारायणराव ऑगस्ट १७७३ मध्ये मारले गेले होते. दुसरे बाजीराव नात्याने सवाई माधवरावांचे चुलते, पण जन्म १७७५ चा. काका पुतण्याहून लहान! अशी ओळ दिसली की आधी मूळ वहीतलं वाक्य पुन्हा वाचा, मगच आकड्याला हात लावा.