रिस्ट्रक्चरिंगच्या मेमोचा टीमसाठी सारांश

प्रश्न: रिस्ट्रक्चरिंगचा ४ पानी मेमो आलाय, टीम्सना थोडक्यात कसा सांगू?

मेमोच्या क्रमाने जाऊ नका, टीमनुसार लिहा, म्हणजे आधी रिपोर्टिंग कोणाला होतं, आता कोणाला, कामात काय बदललं आणि कधीपासून. खरा घोळ तारखांचा होतो. समजा सपोर्ट टीम १ जुलैपासून ऑपरेशन्स हेडकडे जातेय पण अप्रेझल ३० सप्टेंबरपर्यंत जुनाच मॅनेजर करणार, तर दोन वेगळ्या ओळी लिहा, नाहीतर सगळं १ जुलैलाच बदललं असं लोक धरून चालतात. मेमोच्या डोक्यावरची तारीख घोषणेची असते, बदल लागू होण्याची नाही. आणि "अमुक टीमसोबत जवळून काम करतील" एवढंच असेल तर ते रिपोर्टिंग धरू नका. तारीख दिलेलीच नसेल तर "एचआरकडून कळायचंय" असं सरळ लिहा, अंदाज नको.