कामांची यादी ठेवायला डायरी की अ‍ॅप? आधी आठवडाभर हे बघ

अप्पा बळवंत चौकातून महागडी डायरी आणण्याआधी आठवडाभर एवढंच बघ: काम आठवतं तेव्हा तुझ्या हातात काय असतं? मी हिंजवडीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभा असायचो, वही बॅगेतच राहायची. म्हणून डॉक्टरची वेळ, वीजबिल अशी तारखेची कामं फोनमध्ये, गजरासकट. कागद काही वाजत नाही.

पण बिनतारखेची कामं अ‍ॅपमध्ये गुपचूप साचतात. वहीत दर रविवारी ती हाताने पुन्हा उतरवावी लागतात, आणि तो कंटाळाच उपयोगी पडतो. "सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म" तिसऱ्यांदा लिहिताना लक्षात आलं, अडलंय ते साक्षीदारांच्या सह्यांपाशी. मग "शेजारच्या काकांची सही" असं लिहिलं, त्याच संध्याकाळी झालं. एकच काम दोन्हीकडे मात्र लिहू नकोस. एकीकडे खोडतोस, दुसरीकडे राहतं.