गलीतला माणूस सिली पॉइंटला का आणायचा

चि. कर्णधारास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आझाद मैदानावर झाडाखाली उभा राहून तुमची मॅच पाहिली. डावखुरा स्पिनर येताच तू ऑफच्या बाजूला, बॅटच्या अगदी समोर सिली पॉइंट लावलास, ते बरोबर होतं. दोन ओव्हरनंतर एक चौकार गेला आणि तू तो काढून कव्हरला पाठवलास, ते मला पटलं नाही.

सुरुवातीला तुझा फास्ट बोलर टाकत होता तेव्हा गली आणि फाइन लेग दोघंही जागेवर होते. उसळलेला चेंडू बॅट्समन मागच्या पायावर जाऊन, बॅटचं तोंड थोडं उघडून खेळतो. तेव्हा कड स्लिपच्या बाहेरून निघते, म्हणून तिथे गली. चेंडू पॅडवर पडला तर नुसता मनगटाचा झटका देऊन चौकार जातो, म्हणून लांब सीमेवर फाइन लेग. (आझाद मैदानावर तुमचा फाइन लेग शेजारच्या मॅचच्या कव्हरला खेटून उभा असतो, ते वेगळंच!)

स्पिनर आला की या दोघांची कामं संपतात. वेग नाही, त्यामुळे गलीत कड क्वचितच उडते. त्या माणसाला सिली पॉइंटला आण. पुढे येऊन बचाव करताना बॅट आणि पुढचं पॅड शेजारी असतात. डावखुऱ्याचा चेंडू उजव्या हाताच्या बॅट्समनपासून बाहेर वळतो. पुरता वळला तर कड घेऊन स्लिपकडे जातो. कमी वळला तर आतली कड लागून पॅडवर आदळतो आणि पुढे कुठेतरी उडतो. त्यातला ऑफच्या बाजूचा झेल सिली पॉइंटचा, लेगचा शॉर्ट लेगचा. त्यात कांगा लीगची ओली विकेट. चेंडू थांबून येतो, बॅट आधीच पुढे गेलेली असते, हात कडक असतील तर तो बॅटच्या तोंडावरूनच अलगद वर येतो. दोन-तीन मीटरवर माणूस नसेल तर तोच चेंडू गवतात पडतो आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता तो चौकार. बोलरने फार पुढे, हाफ-व्हॉली टाकला आणि बॅट्समनने कव्हरमधून मारला. चूक टप्प्याची होती, जागेची नव्हती. सिली पॉइंट ठेवला की कव्हरची बाजू मोकळी पडणार, ते तू पत्करलेलंच आहेस. बॅट्समनने तिकडे मारायचा मोह धरावा, ही तर आपलीच इच्छा. फक्त चेंडू ऑफ स्टंपवर आणि ड्राइव्हला थोडा अपुरा हवा. हे बोलरशी आधी बोलून घे, कारण हाफ-व्हॉली चौकार तर देतोच, शिवाय जवळच्या पोराच्या अंगावर येतो. हाच टप्पा पुन्हापुन्हा पडायला लागला तर मात्र त्या पोराला खुशाल मागे घे.

बाकी वेळी बॅट्समनच्या पुढच्या पायाकडे बघ. तो पुढे येऊन बॅट पॅडजवळ ठेवत असेल तर सिली पॉइंट राहू दे. तोंडासमोर माणूस आहे म्हणून तो बचाव सोडून स्वीप मारू लागला, तर फाइन लेगला सीमेवरून आत, शॉर्ट फाइन लेगला आण. स्वीपची वरची कड तिथेच येते. तू त्याला सीमेवरच ठेवलंस, आणि अशी एक कड त्याच्या खूप पुढे पडली.

एक कायदा ध्यानात ठेव: चेंडू टाकतेवेळी लेगच्या बाजूला, बॅट्समनच्या क्रीजच्या रेषेमागे, कीपर सोडून दोघांपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक चालत नाहीत. शॉर्ट फाइन लेग एक, स्वीपसाठी सीमेवरचा स्क्वेअर लेग नकळत मागे सरकला की दुसरा. त्यावर लेग स्लिप लावलास की नो-बॉल.

सिली पॉइंटला उभं कोणाला करायचं? तुम्ही सगळ्यात लहान पोराला ढकललंत. एकनाथ सोलकर शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभे राहायचे आणि 27 कसोटींत 53 झेल घेतले. 1971 साली ओव्हलवर वेंकटराघवनच्या गोलंदाजीवर त्यांनी इंग्लंडच्या नॉटचा झेल घेतला, आणि दुसऱ्या डावात इंग्लंड 101 वर संपलं. ती जागा त्यांची खासियत होती, शिक्षा नव्हती. तुझ्या संघात बॅट्समनचा हात हलला तरी जो डोळे मिटत नाही आणि चेंडू लागेपर्यंत गुडघे वाकवून खाली राहतो, तो शोध. हेल्मेट आणि गार्ड घातल्याशिवाय कोणालाही तिथे उभं करू नकोस. त्याचे पाय विकेटच्या पट्टीबाहेर हवेत; चेंडू बॅटला लागेपर्यंत त्याचा हातसुद्धा पट्टीवर आला तर नो-बॉल जातो. आणि हेल्मेट काढून ठेवायचं झालं तर कीपरच्या मागे ठेव. मैदानात पडलेल्या हेल्मेटला चेंडू लागला की पाच रन समोरच्यांना.

पुढच्या रविवारी त्या स्पिनरला सलग सहा ओव्हर दे आणि तेवढा वेळ सिली पॉइंट हलवू नकोस. मी येतोच आहे.

तुझे सर