रजेच्या संदेशात सहकाऱ्याचे नाव लिहिण्यापूर्वी

«रजेवर जाताना मी टीम-चॅटवर न चुकता लिहून ठेवते की मी रजेवर आहे आणि तातडीच्या कामासाठी अमुक सहकाऱ्याशी बोलावे. तरीही सगळे मेसेज मलाच येतात, ज्याचे नाव लिहिते तो मनातून नाराज होतो आणि आपण आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घातले असे मला रजाभर वाटत राहते. नेमके काय लिहावे?»

हा प्रश्न घेऊन आलेल्या मीनल पुण्यातील एका कंपनीच्या लेखा विभागात पुरवठादारांची बिले आणि कर-भरणा सांभाळतात. (या लेखातील दोन्ही नावे बदललेली आहेत.) त्यांच्याशी झालेले काम इथे तपशीलवार मांडतो आहे, कारण नोकरदार मंडळींकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो आणि तिचे मूळ बहुतेक वेळा संदेशाच्या शब्दांत नसते.

पहिल्या भेटीत मी त्यांना तो संदेश जसाच्या तसा दाखवायला सांगितले. 2024 च्या गणपतीत त्या 5 ते 12 सप्टेंबर अशी रजा घेऊन कोकणात गावी गेल्या होत्या आणि मायक्रोसॉफ्ट टीम्सवर त्यांनी लिहिले होते: «12 पर्यंत रजेवर. तातडीचे असल्यास समीरशी संपर्क साधावा. मीही अधूनमधून मेसेज बघेन.» वाचायला यात काही वावगे दिसत नाही. मग मी विचारले, «समीरना हे कधी कळले?» त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, «बहुधा कुणीतरी त्याला मेसेज केला तेव्हाच.»

त्या वर्षी गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला, शनिवारी होती आणि ऑगस्टमध्ये कापलेल्या टीडीएसचा भरणा करण्याची शेवटची तारीखही 7 सप्टेंबरच होती. भरणा एक दिवस जरी लांबला तरी महिन्याला दीड टक्का व्याज लागते आणि महिन्याचा काही भागही पूर्ण महिना धरला जातो. मीनल यांनी चलन तयार ठेवले होते, त्यामुळे काम जवळजवळ झालेच आहे अशा समजुतीने त्या निघाल्या. त्यांच्या कंपनीत बँकेच्या व्यवहाराची नोंद एकाने करायची आणि मंजुरी दुसऱ्याने द्यायची, म्हणजे मेकर आणि चेकर वेगळे, अशी रीत आहे. मेकरचे अधिकार एकट्या मीनल यांच्याकडे होते आणि नोंद पुरी करणारा ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर येत असे. शुक्रवारी, हरतालिकेच्या दिवशी, वरिष्ठांनी समीरला चलनाबद्दल विचारले. समीरला ते चलन ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी त्याच्या हातात काही नव्हते. मग फोन सुरू झाले. गावच्या घरात रेंज नाही म्हणून उपास धरलेल्या मीनल घरामागचा चढ चढून वर गेल्या, समीरला आपला पासवर्ड सांगितला आणि पाठोपाठ आलेला ओटीपी फोनवर वाचून दाखवला. पैसे वेळेत भरले गेले. परंतु पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याला देणे हे बँकेच्या आणि कंपनीच्याही नियमांच्या सरळ विरुद्ध होते आणि ती धास्ती विसर्जनापर्यंत त्यांच्या मनातून गेली नाही.

मीनल याला स्वतःचा दोष मानत होत्या: मी सुट्टी घेतली म्हणून समीरला त्रास झाला. माझे मत निराळे होते आणि ते मी त्यांना स्पष्ट सांगितले. रजा हा त्यांचा हक्क होता आणि ती रीतसर मंजूर झालेली होती. समीरला त्रास झाला तो त्याच्या नावावर एक जबाबदारी त्याला न विचारता, कामाची माहिती न देता आणि ते करण्याचे अधिकार न देता जाहीर झाली म्हणून. आपण रजेवर आहोत याचा अपराधभाव बाळगून त्यावर उपाय निघत नाही. न विचारता नाव लिहिले गेले, हे मान्य केले की मात्र पुढच्या वेळी काय करायचे ते लगेच दिसते. हा भेद त्यांना पटायला दोन भेटी लागल्या. लहानपणापासून «आपले काम आपणच करावे» हे ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला मदत मागणे जड जाते आणि मग तो मागण्याऐवजी नुसते कळवून मोकळा होतो.

राहिलेली कामे रजेत मनात घोळत राहतात, याविषयी मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांचा 2011 चा अभ्यास मला उपयोगी वाटतो. अपुरे राहिलेले काम मनात पुन्हा पुन्हा डोके वर काढते. पण ते केव्हा, कसे पुरे होईल याचा नेमका बेत ठरवला, तर काम प्रत्यक्षात झालेले नसतानाही हा त्रास कमी होतो, असे त्यांना आढळले. «तातडीचे असल्यास समीर» हा बेत नव्हता. कोणते काम, कोणत्या तारखेला, कोणत्या अधिकाराने हे त्यात कुठेच नव्हते, म्हणून मीनल यांचे मन त्या चलनाला सोडायला तयार नव्हते.

पुढची रजा दिवाळीची होती, 29 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर. तिची तयारी आम्ही उलट्या क्रमाने केली, म्हणजे संदेश शेवटी लिहायचा असे ठरवले. मीनल यांनी प्रथम त्या सात दिवसांत ज्यांची तारीख खरोखर येते एवढीच कामे कागदावर मांडली. त्यांना वाटत होते की यादी पानभर होईल. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या टीडीएसची तारीख 7 नोव्हेंबर, म्हणजे त्या परतल्यावरची होती. तारखेचे काम एकच निघाले: एका लघुउद्योजक पुरवठादाराचे बिल, ज्याची मुदत 31 ऑक्टोबरला संपत होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे देणे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, त्यामुळे ते थांबवता येणार नव्हते. याखेरीज «आमचे पैसे कधी येणार» अशी पुरवठादारांची रोजची विचारणा होती, तिला उत्तर देणारे कुणीतरी हवे होते. बाकी सारे 5 तारखेपर्यंत थांबू शकत होते.

दुसरी पायरी वरिष्ठांकडे जाण्याची होती आणि मीनल यांना हीच सर्वांत अवघड वाटली. आजवर त्या आपल्या रजेची सोय परस्पर लावत आल्या होत्या. मात्र कोणाचे काम कोणी बघायचे हे ठरवणे वरिष्ठांचे काम आहे आणि बँकेचे अधिकार तर सहकारी एकमेकांना देऊच शकत नाहीत. मीनल यांनी सप्टेंबरात काय घडले ते ओटीपीसकट सांगितले. वरिष्ठांनी थोडी कानउघाडणी केली आणि समीरसाठी मेकरचा स्वतंत्र युजर आयडी मिळावा असा अर्ज बँकेकडे पाठवला. तो दिवाळीआधी हाती आला. आला नसता, तर ते बिल निघण्यापूर्वीच भरून टाकायचे, असे आम्ही ठरवून ठेवले होते. ज्या कामाचा अधिकार देता येत नाही, ते काम संदेशात कुणाच्याही नावावर टाकू नये.

तिसरी पायरी समीरशी बोलण्याची. ते बोलणे आम्ही माझ्या खोलीत आधी म्हणून पाहिले, कारण मीनल पहिल्याच वाक्यात माफी मागू लागत. अखेर त्या समीरशी साधारण असे बोलल्या: «समीर, गणपतीत मी तुला न विचारता तुझे नाव लिहिले, ते चुकलेच. दिवाळीत 31 तारखेचे एक बिल आहे आणि पुरवठादारांचे फोन येतील. एवढे दोन बघशील का? जमणार नसेल तर मोकळेपणाने सांग, मी साहेबांशी बोलते.» समीर म्हणाला, «बिल करतो. पण 1 तारखेला लक्ष्मीपूजन, त्या दिवशी मी फोन उचलणार नाही.» मीनल यांना हा नकार वाटला. मला तो होकाराचा उत्तम नमुना वाटला, कारण सीमा सांगून दिलेल्या शब्दावर विसंबता येते. मग मीनल यांनी बिलाची फाइल कुठे आहे, किती रकमेपर्यंत त्याने स्वतः पुढे जायचे आणि काय अजिबात करायचे नाही हे चॅटवरच लिहून दिले. पुरवठादाराचे बँक खाते बदलण्याची विनंती आली तर ती करायची नाही, कितीही घाई सांगितली तरी 5 तारखेपर्यंत थांबायचे, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ. खातेबदलाची बनावट पत्रे पाठवून पैसे लुबाडण्याचे प्रकार घडतात आणि नेहमीचा माणूस जागेवर नसतो तेव्हा ते साधणे सोपे जाते.

एवढे झाल्यावर संदेश लिहायला पाच मिनिटेही लागली नाहीत. टीम्समध्ये त्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे आणि ती पुरून उरली:

«29 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर रजेवर, या काळात मेसेज पाहणार नाही. पुरवठादारांची देणी व विचारणा: समीर (1 तारीख सोडून). खातेबदलाच्या विनंत्या 5 तारखेला पाहीन. इतर अडचण असल्यास विभागप्रमुख.»

रजेचे कारण यात नाही आणि ते असण्याची गरजही नाही. «अधूनमधून बघेन» हे वाक्य काढताना मीनल यांचा हात अडखळला, पण सप्टेंबरात लोक समीरला सोडून त्यांनाच गाठत होते ते बरेचसे याच वाक्यामुळे. जिथे मूळ माणूस उत्तर देणार आहे, तिथे बदली माणसाला कोण विचारील?

एक तांत्रिक बाबही होती. `Set status message` मध्ये लिहिताना `Show when people message me` या चौकटीत खूण केली तरच मेसेज लिहू पाहणाऱ्याला तो मजकूर लिहिण्याच्या जागेवर दिसतो. नाहीतर प्रोफाइल उघडून पाहणाऱ्यालाच कळतो. गणपतीत ती खूण राहून गेली होती. `Clear status message after` मध्ये परतण्याची तारीखही घालावी, कारण परत आल्यावरही झळकत राहिलेला रजेचा संदेश पुढच्या खेपेला कोणी मनावर घेत नाही.

अचानक आजारपण आले तर यातले काहीच आधी करता येत नाही. तेव्हा वरिष्ठांना कळवून संदेशात फक्त «आज उपलब्ध नाही, कामासाठी विभागप्रमुखांशी बोलावे» एवढेच लिहावे; तापाने फणफणत असताना सहकाऱ्याचे नाव निवडत बसू नये, ती निवड वरिष्ठांनी करावी.

दिवाळीतही मीनल यांना दोन मेसेज आलेच. एकाला समीरने परस्पर उत्तर दिले आणि दुसरा पाठवणाऱ्याने वरचा मजकूर वाचून स्वतःच मागे घेतला. बिल 30 तारखेला भरले गेले. 5 नोव्हेंबरला समीरने राहिलेली एकच गोष्ट हाती दिली, एका पुरवठादाराचे खातेबदलाचे पत्र. मीनल यांनी त्या पुरवठादाराच्या आधीपासून नोंदलेल्या क्रमांकावर फोन लावला, पत्र खरे असल्याची खात्री करून घेतली आणि मग बदल केला. त्याच दुपारी समीरने डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी त्यांना विचारले. मीनल यांनी होकार दिला, मात्र 31 डिसेंबरला संध्याकाळी सहानंतर फोन उचलणार नाही, हे त्याच वेळी सांगून ठेवले.