‘मी रोबोट नाही’ आणि दृष्टिहीन वापरकर्ता

प्रश्न: माझ्या भावाला दिसत नाही. लॉगिन करताना ‘ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रे निवडा’ असे आले की तो अडकतो. कोणाची मदत न घेता त्याला आत जाता येईल का?

बहुतेक ठिकाणी जाता येईल. मात्र ते तुमच्या भावापेक्षा संकेतस्थळ बनवणाऱ्यावर अधिक अवलंबून असते.

मी स्वतः अंध आहे आणि निपाणीत राहतो. एका दाखल्यासाठी मी संगणकावर अर्ज भरत होतो. शेवटी वेडीवाकडी अक्षरे असलेले चित्र आले आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरने ते केवळ ‘ग्राफिक’ म्हणून वाचले. शेजारच्या दोन्ही बटणांना नावच दिलेले नव्हते. पहिले दाबले तेव्हा चित्र बदलले, दुसऱ्याने अंक वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला. पण मी टाइप करू लागताच एनव्हीडीए प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचू लागला आणि पुढचे अंक त्याखाली दबले. तेवढ्यात मुदत संपून सगळा अर्ज रिकामा झाला. कार्यालयात फोन केला, तर उत्तर आले, “घरात कोणी डोळस नाही का?” आहेत की! पण माझा पासवर्ड आणि कागदपत्रे मी त्यांच्यासमोर का उघडावीत, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

भावाला सांगा, हेडफोन लावून आधी ध्वनी पूर्ण ऐकावा आणि मगच टाइप करावे. एनव्हीडीए मध्येच बोलू लागला तर कंट्रोल कळ दाबली की तो गप्प होतो. एनव्हीडीए कळ, म्हणजे सहसा इन्सर्ट, आणि २ एकत्र, गरज पडल्यास दोनदा, दाबल्यास टाइप केलेली अक्षरे वाचणे बंद होते. गूगलच्या चाचणीत कधीकधी ध्वनीऐवजी ‘Try again later’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ त्या नेटवर्कचा संशय आला आहे, भावाचे काही चुकलेले नाही. मोबाईल डेटावर अनेक ग्राहक इंटरनेटवरचा एकच आयपी पत्ता वापरत असल्याने असे घडू शकते. अशा वेळी दुसऱ्या जोडणीवरून प्रयत्न करावा.

खरा उपाय पासकी हा आहे. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ती एकदा तयार केली की पुढे फोनचे बोटाच्या ठशाचे किंवा पिनचे कुलूप उघडून आत जाता येते, आणि त्यात पाहण्यासारखे किंवा ऐकण्यासारखे कोडे नसते. ओटीपीचा भरवसा मी देत नाही, कारण अनेक संकेतस्थळे ओटीपी पाठवण्याआधीच चित्र समोर ठेवतात.

अर्थात पासकी सर्वत्र नाही, नवीन खाते उघडताना ती उपयोगी पडत नाही, आणि ज्यांना ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी ध्वनीची चाचणी व्यर्थ आहे. म्हणून शेजाऱ्याला बोलावण्याआधी तक्रार करा. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आहे. त्याचा उल्लेख करून कोणते पान, कोणते बटण आणि कोणता स्क्रीन रीडर, हे तक्रारीत नेमके लिहा.