सूर्याचं अंतर पंचवीसपट चुकलं, तरी ग्रहणाचं गणित जुळलं

प्रश्न: दुर्बीण नव्हती, घड्याळं नव्हती. मग गुप्तकाळात आर्यभटांनी पृथ्वीचा आकार आणि ग्रहणं मोजली कशी? आणि ते आकडे खरंच बरोबर होते का?

पृथ्वीचा परीघ आर्यभटांनी जवळजवळ अचूक किलोमीटरमध्ये काढला होता, असा दावा तुम्ही वाचला असेल. तो आधी बाजूला ठेवू. आर्यभटीयात (इ.स. 499) पृथ्वीचा व्यास 1050 योजनं दिला आहे आणि एक योजन म्हणजे 8000 पुरुष उंची. पुरुषाची उंची चार हात. आता हा हात किती सेंटिमीटरचा धरायचा, ते ठरवणारे आपण. सहा फुटांचा पुरुष धरला तर व्यास 15,000 किलोमीटरच्या पुढे जातो, जरा बुटका धरला की बरोबर 12,742 वर आणून बसवता येतो. त्यामुळे किलोमीटरमधली अचूकता हा मला पुरावा वाटत नाही. तपासायची ती गुणोत्तरं, कारण त्यात योजन कापलं जातं.

1050 हा आकडा कसा आला ते ग्रंथात सांगितलेलं नाही. सगळा ग्रंथच सूत्रांचा आहे. पण त्या काळी हाताशी असलेली साधनं माहीत आहेत. विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची, म्हणजे उभ्या काठीची, सावली मोजली की गावाचा अक्षांश मिळतो. उज्जैनला ही सावली पाच अंगुळांच्या आसपास पडते. विषुववृत्तावर मानलेल्या लंकेपासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागाइतकं उत्तरेला आहे, म्हणजे साडेबावीस अंशांवर, असं आर्यभट सांगतात. खरा अक्षांश तेवीस अंशांच्या किंचित वर आहे. एकाच दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन गावांचे अक्षांश आणि मधलं अंतर माहीत असेल, तर त्रैराशिकाने पूर्ण परीघ निघतो. पुढे भास्कराचार्यांनी गोलाध्यायात ही रीत स्पष्ट लिहून ठेवली आहे.

खरी मजा ग्रहणात आहे, आणि तिची सुरुवात एका दिव्यापासून होते.

आर्यभटीयाच्या गणितपाद या भागात दिवा आणि शंकूचा एक नियम आहे. 72 अंगुळं उंचीवर दिवा, त्याच्या पायथ्यापासून 80 अंगुळांवर 12 अंगुळांचा शंकू. सावली किती? शंकूची उंची गुणिले अंतर, भागिले दोन उंचींतला फरक. 12 गुणिले 80 म्हणजे 960, भागिले 60, सावली 16 अंगुळं. समरूप त्रिकोण, बाकी काही नाही. घरी टेबललॅम्प लावून पाहा, जमतं.

त्याच ग्रंथाच्या गोलपादात हाच नियम थेट आकाशाला लावलेला आहे. दिव्याच्या जागी सूर्य, शंकूच्या जागी पृथ्वी. ‘छादयति शशी सूर्यं शशिनं महती च भूच्छाया’, चंद्राला झाकते ती पृथ्वीची मोठी सावली, हे एकदा म्हटल्यावर राहूचं काम संपतं आणि सावलीची लांबी काढायचं काम उरतं. त्यांचे आकडे असे: सूर्याचा व्यास 4410 योजनं, चंद्राचा 315. त्यांनी दिलेल्या कक्षांवरून सूर्याचं अंतर 4,59,585 योजनं आणि चंद्राचं 34,377 येतं.

सूर्याचं अंतर गुणिले 1050, भागिले (4410 वजा 1050). सावलीची लांबी 1,43,620 योजनं येते. ही सावली सुळक्यासारखी निमुळती होत जाते, म्हणून चंद्राच्या अंतरावर तिची रुंदी पुन्हा त्रैराशिकाने काढायची. ती येते सुमारे 799 योजनं. चंद्रकक्षेवर दहा योजनं म्हणजे एक कला, अंशाचा साठावा भाग, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं आहे. तेव्हा सावली 79.9 कलांची आणि चंद्र 31.5 कलांचा.

आता वेळ. चंद्र सूर्याच्या तुलनेत दिवसाला साधारण 731 कला पुढे सरकतो आणि सावली सूर्याच्याच चालीने चालते. चंद्र सावलीच्या मधोमध जाणार असेल, तर पहिल्या स्पर्शापासून मध्यापर्यंत त्याला दोघांच्या त्रिज्यांची बेरीज, 55.7 कला, कापायच्या असतात. त्याला 110 मिनिटं लागतात, म्हणजे संपूर्ण ग्रहण 3 तास 39 मिनिटांचं. खग्रास अवस्थेसाठी त्रिज्यांची वजाबाकी घ्यायची, उत्तर 95 मिनिटं.

27 जुलै 2018 च्या रात्रीचं चंद्रग्रहण आठवत असेल. चंद्र सावलीच्या केंद्राच्या बराच जवळून गेला होता. ते स्पर्शापासून मोक्षापर्यंत 3 तास 55 मिनिटं चाललं आणि खग्रास अवस्था 1 तास 43 मिनिटांची होती. त्या रात्री चंद्र पृथ्वीपासून लांबच्या टोकाला होता, तिथे त्याची चाल मंदावते. मी वर सरासरी चाल घेतली आहे. वेळ वाढण्याचं मुख्य कारण तेच.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग. चंद्राचं अंतर त्यांच्या गणितात पृथ्वीच्या व्यासाच्या जवळपास 33 पट येतं, खरं 30 पट आहे. उत्तम. पण सूर्याचं अंतर येतं 438 पट, आणि खरं आहे 11,700 पटींहून जास्त. म्हणजे पंचवीसपटींहून मोठी चूक! कारण त्यांचं गृहीतक: सगळे ग्रह दिवसाला सारखीच योजनं चालतात, म्हणून ज्याची फेरी जितकी लांब मुदतीची, तितका तो दूर. फेऱ्यांच्या मुदती त्यांच्याकडे पक्क्या होत्या. गुरूच्या 43,20,000 वर्षांत 3,64,224 फेऱ्या, म्हणजे एका फेरीला 11.86 वर्षं, आजचा आकडाही तोच. पण सारख्या चालीचं गृहीतक चुकीचं, म्हणून अंतरं चुकली.

मग ग्रहण का बिघडलं नाही? सावलीची अर्धी रुंदी अशी मिळते: चंद्रावरून पृथ्वीची त्रिज्या किती कलांची दिसेल, त्यात सूर्यावरून ती किती दिसेल ते मिळवायचं आणि सूर्याची अर्धी रुंदी वजा करायची. आर्यभटांच्या आकड्यांनी 52.5 अधिक 3.9 वजा 16.5, म्हणजे 39.9. आजच्या आकड्यांनी साधारण 57 अधिक 0.15 वजा 16, म्हणजे 41. पहिली संख्या साडेचार कलांनी कमी, दुसरी जवळपास पावणेचार कलांनी जास्त, दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. सूर्य मुळात इतका दूर आहे की त्याच्या अंतरातली प्रचंड चूकही सावलीत दोन-चार कलांपुरतीच उतरते. ग्रहणं कितीही पाहिली तरी ही चूक उघडी पडली नसती.

उघडी पडते ती वेगळी चूक: चंद्राचं स्थान. चंद्र आकाशात एक अंश मागेपुढे धरला गेला तर ग्रहण दोन तास उशिरा किंवा लवकर लागतं, आणि ते अंगणात घटिकापात्र घेऊन बसलेल्या माणसालाही कळतं. म्हणून नंतरच्या ज्योतिष्यांनी पृथ्वी-सूर्याच्या व्यासांपेक्षा चंद्राच्या फेऱ्या आणि त्याच्या मंदोच्चाच्या, म्हणजे कक्षेतल्या सर्वांत दूरच्या बिंदूच्या, आकड्यांवर जास्त घाम गाळला आणि बीजसंस्कार म्हणून दुरुस्त्या जोडल्या.