सेमिनारची फी ठरवताना आधी ताटं मोजा

प्रश्न: "पुण्यात एक दिवसाचा सेमिनार घेतोय. हॉल, साउंड, वक्त्यांचा प्रवास असा ठरलेला खर्च १ लाख. माणशी ७५० (जेवण-चहा ५००, किट वगैरे २५०). फी १५०० ठेवली तर १३४ जणांत खर्च निघतो. १२० जण तरी येतील. गणित बरोबर आहे ना?"

भागाकार बरोबर आहे, पण जेवणाचे पैसे चुकीच्या रकान्यात आहेत.

पहिली गोष्ट, फी न भरता जेवणारे. वक्ते, स्वयंसेवक, साउंडवाला धरून २० जण सहज होतात. त्यांचे १०,००० ठरलेल्या खर्चात टाका. ऑनलाइन फी घेतलीत तर गेटवेचे साधारण २ टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे १५०० मागे ३५ रुपये जातात. आता १,१०,००० भागिले ७१५, म्हणजे १५४ जण.

दुसरी गोष्ट आम्हाला फार महागात पडली. हॉलचं नाव घेत नाही. केटरर त्यांचाच घ्यावा लागतो, हे बुकिंगच्या वेळी सांगितलं. किमान २०० ताटांची गॅरंटी मात्र ॲडव्हान्स भरल्यावर कळली. ऑफिसात विचारलं तर "सगळ्यांना माहीत असतं." कोणाला माहीत असतं, देव जाणे! लेखी मागितलं, तर साहेब जेवायला गेलेले.

अशी गॅरंटी असली की २०० ताटांपर्यंत जेवण माणशी खर्च राहतच नाही. फी न भरणाऱ्या २० जणांची ताटं त्यातच धरून ते १ लाख ठरलेल्या खर्चात जातात. एकूण २ लाख. माणशी उरतात किट आणि गेटवेचे २८५, म्हणजे प्रत्येक फीमागे १२१५ हाती. आकडा १६५ वर जातो. तुमचे १२० च आले तर गॅरंटी नसताना तोटा सुमारे २४,००० असता, गॅरंटीने तो ५४,००० होतो.

म्हणून मी उलटं करतो. खात्रीचे १२० धरायचे: २ लाख भागिले १२० म्हणजे १६६७, त्यात किटचे २५०, वर गेटवे. फी १९६५ च्या आसपास येते, २००० ठेवा, म्हणजे ११८ जणांत खर्च निघतो. विद्यार्थ्यांना सवलत देणार असाल तर सरासरी फीवर गणित करा. निम्मे विद्यार्थी १२०० भरणारे असतील तर सरासरी १६०० पडते आणि ११८ चा आकडा थेट १५३ होतो. सवलतीच्या जागा मोजूनच ठेवाव्यात, असं माझं मत. काहींना हे कंजूषपणाचं वाटेल.

तुमच्या हॉलला गॅरंटी नसेलही, आणि वरचे दर फक्त हिशेबापुरते धरलेत. ताटांचा अंतिम आकडा किती दिवस आधी कळवायचा, हेही आत्ताच लेखी घ्या. स्पॉन्सरचे पैसे खात्यात आल्याशिवाय वजा करू नका. फीवर जीएसटी लागतो का, ते सीएला विचारा. लागत असेल तर तो फीच्या वर घ्या, नाहीतर २००० तले ३०५ तिकडेच जातील.